लेबल एलचे, माप एमचे : कुर्ता बदलून मागणारे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानाच्या संकेतस्थळावरून वडिलांसाठी एल मापाचा सुती कुर्ता मागवला, किंमत १,४५० रुपये. पार्सल मंगळवारी आले. लेबल एलचेच आहे, पण छातीत घट्ट होतो. गेल्या वर्षी याच दुकानातून घेतलेला एल त्यांना नीट बसतो. संकेतस्थळावरच्या तक्त्यात एलची छाती ४४ आणि एमची ४२ इंच आहे. टेप लावली तर ४२ भरते. फोनवर दुकानदार म्हणतो, ‘एल मागितला, एल पाठवला.’ कुर्ता धुतलेला नाही, एकदाच घालून पाहिला. आम्ही गंगाखेडला राहतो, दुकानात जाणे जमणार नाही. बदलून मागण्याचे पत्र कसे लिहावे आणि फोटो कोणते जोडावेत?

उत्तर :

लातूरला तयार कपड्यांच्या व्यवसायात बरीच वर्षे आलेला माल तपासणे आणि ग्राहकांची बदलीची पत्रे वाचून निर्णय देणे हेच माझे काम राहिले आहे, त्यामुळे असे पत्र समोरच्या टेबलावर कसे वाचले जाते ते आधी सांगतो. ‘कुर्ता छातीत घट्ट होतो’ हे वाक्य दुकानातला माणूस वडिलांच्या शरीराविषयीचे वाक्य म्हणून वाचतो. शरीराचा आणि त्याचा काही संबंध नसल्यामुळे ‘मागितले तेच पाठवले’ हे त्याचे उत्तर त्याच्या दृष्टीने पूर्ण असते. तेच तुम्ही ‘आपल्या तक्त्यानुसार एलची छाती ४४ इंच असायला हवी, आलेल्या कुर्त्याची ती ४२ भरते’ असे लिहिले, की वाद त्याच्याच दोन गोष्टींमध्ये सुरू होतो : त्याचा तक्ता आणि त्याचा माल. म्हणून पत्रात ‘घट्ट’, ‘बसत नाही’, ‘अंगात जात नाही’ हे शब्द शक्यतो येऊच देऊ नयेत. वडिलांची उंची, वजन, पोट यांचा उल्लेख तर मुळीच नको.

मापाच्या तक्रारी ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. एल मागितला आणि लेबलवरच एम आहे, ही सर्वांत सोपी. तिथे ऑर्डरची पावती आणि लेबलचा एक फोटो पुरतो, पत्र चार ओळींचे होते. एल मागितला, खरोखर एलच आला, पण आपल्याला एक्सएल लागत होता, ही तिसरी जात. तिथे हक्क सांगता येत नाही. दुकानाच्या बदली धोरणात बसत असेल तर विनंती करता येते, आणि तेव्हा माल चुकीचा आल्याचा आव आणू नये. तुमची तक्रार मधल्या जातीची आहे : लेबल बरोबर, कपडा चुकीचा. सर्वांत जास्त नाकारली जाणारी जात हीच, कारण लेबलच्या फोटोवर ती सिद्ध होत नाही आणि बहुतेक ग्राहक नेमका तेवढाच फोटो पाठवतात.

पत्राला हात घालण्याआधी तक्त्याचे शीर्षक पुन्हा वाचा. काही तक्ते शरीराचे माप देतात, काही शिवलेल्या कपड्याचे. कुर्त्यासारख्या सैल कपड्यात या दोहोंत दोन ते चार इंचांचा फरक ठेवलेला असतो, कारण श्वास घ्यायला आणि हात उचलायला तेवढी ढिलाई लागते. त्यामुळे ‘शरीराची छाती ४०’ असे लिहिलेल्या तक्त्यातला कुर्ता टेपने ४२ किंवा ४३ भरला तर त्यात काहीच चूक नसते, आणि अशी तक्रार पाठवली तर तुमचेच म्हणणे हलके होते. तुमच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. ४४ हे कपड्याचे माप असेल तर कुर्ता दोन इंचांनी कमी आहे, आणि ४४ हे शरीराचे माप असेल तर कुर्ता त्याहून मोठा असायला हवा होता, म्हणजे कमतरता आणखी वाढते. तरीही शीर्षक काय आहे ते पत्रात तसेच्या तसे लिहा. त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. तक्रार गेल्यावर तक्ता बदललेला मी पाहिलेला आहे.

आता मोजणी. पलंगावर किंवा गादीवर मोजू नका, कापड खाली दबते आणि आकडा चुकतो. फरशीवर किंवा टेबलावर कुर्ता पालथा नव्हे, समोरची बाजू वर करून पसरा, सगळी बटणे लावा, हाताने सुरकुत्या काढा. पण कापड ओढू नका. शिवणाची मऊ टेप घ्या, घर बांधणाऱ्याची पत्र्याची नको. छातीसाठी मुंढ्याची शिवण जिथे बाजूच्या शिवणीला मिळते, त्या काखेच्या टोकाच्या एक इंच खाली, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत सरळ आडवे मोजा. जो आकडा येईल त्याची दुप्पट म्हणजे छाती. एलच्या कुर्त्यात हा आडवा आकडा २२ यायला हवा, तुमच्याकडे २१ येत असणार. इथे एक अडचण आहे : फोटोत दिसणारा फरक एकाच इंचाचा आहे, आणि टेप किंचित तिरपी राहिली किंवा कापड ओढले गेले तरी पाव-अर्धा इंच सहज इकडेतिकडे होतो. म्हणून कुर्ता उचलून, पुन्हा पसरून, दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही वेळी तोच आकडा आला तरच तो लिहा.

एवढ्यावर थांबू नका. खांदा मोजा, म्हणजे पाठीच्या बाजूने एका मुंढ्याच्या वरच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत. आणि उंची मोजा, म्हणजे गळ्याला लागून असलेल्या खांद्याच्या सर्वांत उंच बिंदूपासून खालच्या दुमडीपर्यंत. या तीन आकड्यांवरून चूक कोणत्या प्रकारची आहे ते कळते. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून अनेक मापांचे भाग एकाच वेळी कापले जातात, मग मापानुसार त्यांचे गठ्ठे बांधले जातात, आणि गळ्याचे लेबल बहुधा वेगळाच कारागीर लावतो. एमच्या गठ्ठ्यावर एलच्या लेबलांची पट्टी गेली की त्या गठ्ठ्यातला प्रत्येक कुर्ता तुमच्यासारखा निघतो. अशा वेळी तीनही मापे तक्त्यातल्या एमच्या ओळीशी जुळतात. एकटी छाती कमी आणि खांदा व उंची एलप्रमाणे बरोबर असतील, तर दोष लेबलचा नसून शिलाईचा आहे : बाजूच्या शिवणीत कापड जास्त दाबले गेले आहे. दोन्हींत बदलीची मागणी योग्यच ठरते, पण पत्रातले वाक्य बदलते. आणि फरक छातीच्या पूर्ण मापात अर्ध्या इंचाच्या आसपासच असेल, तर तो शिलाईत चालवून घेतला जाणारा फरक समजतात. त्यावर पत्र लिहून उपयोग होत नाही. तुमचे दोन इंच त्यापलीकडचे आहेत.

मापाची खूण कपड्यावर एकाच जागी नसते, हेही पाहा. गळ्याच्या मागे विणलेले लेबल असते, त्याखेरीज डाव्या बाजूच्या शिवणीत आतून धुलाईच्या सूचनांची पांढरी पट्टी असते, किमतीचा लोंबता टॅग असतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीवर चिकटपट्टी असते. बाजूच्या शिवणीतली पट्टी शिवतानाच आत जाते, म्हणून गठ्ठ्याचे खरे माप पुष्कळदा तिच्यावर सापडते. आमच्याकडे परत आलेल्या एका कुर्त्यात गळ्याला ४२ आणि बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरात ४० होते. ग्राहकाने तो एक फोटो पाठवला असता तर टेपची गरजच पडली नसती. कुर्ता आतून उलटा करून ती पट्टी वाचा. तिथे ‘एम’ निघाला तर पत्रातला सर्वांत ठळक मुद्दा तोच करा.

छायाचित्रांविषयी माझे मत असे, की पाच पुरतात आणि प्रत्येकाने पत्रातल्या एका वाक्याला आधार दिला पाहिजे. वीस फोटो आले की वाचणारा पहिले तीन पाहतो आणि उरलेल्यांत काय आहे याचा अंदाज बांधतो. पहिले छायाचित्र पार्सलच्या पिशवीवरच्या चिठ्ठीचे, ऑर्डर क्रमांक वाचता येईल असे, आणि त्याच चौकटीत शेजारी कुर्ता. चिठ्ठीवर तुमचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो. दुकानाला तो माहीतच आहे, पण हाच फोटो पुढे चारचौघांत कुठे टाकायची वेळ आली तर तेवढा भाग झाका. दुसरे गळ्याच्या लेबलचे आणि न कापलेल्या लोंबत्या टॅगचे एकत्र. तिसरे बाजूच्या शिवणीतल्या पट्टीचे. चौथे संपूर्ण पसरलेल्या कुर्त्याचे, छातीवर आडवी टेप ठेवून. पाचवे त्याच टेपच्या टोकांचे जवळून. तक्त्याचा स्क्रीनशॉट आणि बिल ही छायाचित्रे नव्हेत, ती कागदपत्रे म्हणून वेगळी जोडा.

खरी कसोटी चौथ्या आणि पाचव्या छायाचित्राची आहे. लोक टेपचे शेवटचे टोक, जिथे २१ दिसते, तेवढेच टिपतात. वाचणारा लगेच विचारतो की शून्य कुठे होते? २२ भरणाऱ्या कुर्त्यावरही टेपचे सुरुवातीचे टोक दुसऱ्या बाजूच्या शिवणीच्या आत एक इंच सरकवले तर २१ दाखवता येते, आणि तसे करणारेही असतात. म्हणून शून्याचे टोक शिवणीवर टेकलेले आणि २१चा आकडा समोरच्या शिवणीवर आलेला, हे दोन्ही एकाच चौकटीत हवे. मोबाइल कुर्त्याच्या बरोबर वर, छताला समांतर धरावा. उभे राहून पायांच्या बाजूने तिरपा फोटो घेतला तर जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते व आकडा शिवणीच्या पुढे-मागे सरकल्यासारखा वाटतो. फार जवळूनही घेऊ नका, कडा वाकतात. खुर्चीवर उभे राहून थोड्या अंतरावरून घेतलेला फोटो चांगला येतो. पांढरा कुर्ता असेल तर खाली गडद चादर घाला, म्हणजे शिवणीची कड उठून दिसेल. खिडकीशेजारी दिवसाच्या उजेडात घ्या. फ्लॅशने टेपचा चकचकीत पृष्ठभाग पांढरा पडतो आणि नेमका आकडाच पुसला जातो. वडिलांनी कुर्ता घातलेला फोटो पाठवू नका. त्याने माप सिद्ध होत नाही, आणि कपडा वापरला आहे असे म्हणायला मात्र जागा मिळते.

गेल्या वर्षीचा कुर्ता याच दुकानाचा असल्यामुळे तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे; दुसऱ्या दुकानाचा असता तर मी तो काढायलाच सांगितले नसते, कारण एकाचा एल आणि दुसऱ्याचा एल सारखा असावा असे कोणतेही बंधन नाही. जुना कुर्ता खाली आणि नवा त्याच्यावर ठेवा, गळा आणि डावी बाजू जुळवा आणि उजवीकडे जुन्याची बाहेर राहिलेली पट्टी दिसेल असा एक जादा फोटो घ्या. सुती कापड धुण्यात आटते. वर्षभर धुऊन आटलेला एल जर नव्या एलपेक्षा मोठा दिसत असेल, तर ‘कुर्ता धुतल्यामुळे आखडला असेल’ ही पळवाट आपोआप बंद होते. जुना कुर्ता त्याच नमुन्याचा नसेल तर मात्र हा फोटो आधारापुरता ठेवा, त्यावर पत्र उभे करू नका.

धुण्यावरून आठवले. परत आलेला कपडा धुतला आहे की नाही हे आम्ही प्रथम पाहतो आणि ते लपत नाही. नव्या सुती कापडाला खळ असते, घडीच्या रेषा धारदार असतात, गळपट्टीखाली पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि टाचण्या असतात. एका धुण्यात खळ जाते, शिवणी बारीक चुण्या पाडून आखडतात आणि टॅगचा दोरा ताणलेला दिसतो. तुमचा कुर्ता धुतलेला नाही हे चांगले. आता तो इस्त्रीही करू नका, अत्तर किंवा डांबरगोळीचा वास लागेल अशा कपाटात ठेवू नका, आणि पुठ्ठा व टाचण्या फेकल्या नसतील तर पिशवीत परत घाला. एकदा घालून पाहणे हा दोष नव्हे. अंगात घातल्याशिवाय कपड्याची पारख होत नाही हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते, म्हणून ते पत्रात सरळ लिहावे.

पत्राचा मसुदा असा ठेवता येईल. खांदा आणि उंचीचे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या मोजणीतले आणि तक्त्यातले खरे आकडे तिथे घाला, आणि बाजूच्या पट्टीविषयीचे वाक्य तिच्यावर जे निघेल त्याप्रमाणे ठेवा किंवा काढा.

प्रति,
व्यवस्थापक / तक्रार निवारण अधिकारी,
(दुकानाचे नाव व बिलावरील पत्ता), छत्रपती संभाजीनगर

विषय : ऑर्डर क्रमांक ______ : एल लेबलच्या कुर्त्याचे प्रत्यक्ष माप एमचे असल्याने बदली कुर्ता मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी दिनांक ______ रोजी (कुर्त्याचे नाव, रंग) हा सुती कुर्ता एल मापात मागवला व १,४५० रुपये (पैसे दिल्याचा प्रकार) भरले. पार्सल मंगळवार, दिनांक ______ रोजी गंगाखेड येथे मिळाले (छायाचित्र १, बिलाची प्रत सोबत).

कुर्त्याच्या गळ्यावरील लेबल व टॅग यांवर एल असे माप आहे (छायाचित्र २). बाजूच्या शिवणीतील पट्टीवर मात्र एम असे छापलेले आहे (छायाचित्र ३). आपल्या संकेतस्थळावरील ‘______’ या शीर्षकाच्या तक्त्यानुसार एलची छाती ४४ इंच, खांदा १८.५ इंच आणि उंची ४१ इंच असायला हवी. कुर्ता सपाट पसरून मोजला असता छाती ४२ इंच (आडवे २१ इंच, छायाचित्र ४ व ५), खांदा १७.५ इंच आणि उंची ४० इंच भरते. ही तीनही मापे आपल्याच तक्त्यातील एमच्या ओळीशी जुळतात. यावरून एम मापाच्या कुर्त्यावर एलचे लेबल लागले आहे असे दिसते.

कुर्ता एकदा घालून पाहिला आहे. तो धुतलेला, इस्त्री केलेला किंवा वापरलेला नाही. टॅग, लेबल व मूळ पिशवी जशीच्या तशी आहेत.

कृपया याच नमुन्याचा व रंगाचा, एल मापाचा कुर्ता बदलून द्यावा. याच गठ्ठ्यातील इतर कुर्त्यांवरही हीच चूक असण्याची शक्यता आहे, म्हणून पाठवण्यापूर्वी बदली कुर्त्याची छाती प्रत्यक्ष मोजून ती ४४ इंच असल्याचे कळवावे. सध्याचा कुर्ता नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी. एल मापात हा नमुना शिल्लक नसल्यास १,४५० रुपये मी ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत करावेत.

दिनांक ______ पर्यंत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला / आपली,
(नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत : छायाचित्रे १ ते ५, बिलाची प्रत, मापाच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट (घेतल्याची तारीख ______).

या मसुद्यातल्या एका ओळीवर मी अडून बसतो, ती म्हणजे पाठवण्यापूर्वी मोजण्याची. गठ्ठाच चुकीच्या लेबलांचा असेल तर दुकानातला मुलगा रॅकवरून दुसरा ‘एल’ काढून पाठवतो आणि तोही ४२ भरतो. दुसऱ्यांदा तक्रार केल्यावर दुकानदाराला वाटते की ग्राहकालाच काही पसंत पडत नाही. मोजून कळवण्याची अट घातली की निदान एकदा तरी टेप त्याच्या हातात जाते, आणि फोटोंनी जे पटले नसेल ते तेवढ्याने पटते. याच कारणासाठी ‘एल नसेल तर एक्सएल पाठवा’ असे मोघम लिहू नका. एक्सएल हवाच असेल तर छातीचा आकडा लिहून मागा.

दुसरी जपण्याची गोष्ट म्हणजे पैसे परत करण्याची ओळ. ती नसली तर माल शिल्लक नाही म्हणून दुकान तेवढ्या रकमेची पुढच्या खरेदीची चिठ्ठी देऊ करते. ती घेणे तुमच्या मर्जीवर आहे, तुमच्यावर बंधन नाही; घेणार असाल तर तिची मुदत विचारून घ्या.

पहिल्या पत्रात कायद्याची कलमे मी घालत नाही. वाचणारा बहुधा दुकानातला पगारी माणूस असतो. मापाचा आकडा त्याच्या अधिकारात येतो, कलम दिसले की तो कागद मालकाकडे ढकलतो आणि आठवडा जातो. ‘तक्रार निवारण अधिकारी’ हा शब्द मात्र पत्त्यात जाणूनबुजून ठेवला आहे. ई-वाणिज्याविषयीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० सालचे आहेत. त्यांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने असा अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. म्हणून पत्र ईमेलने पाठवा आणि त्याची प्रत व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲपवर छायाचित्रे डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. साध्या फोटोप्रमाणे पाठवली तर ती दाबली जाऊन टेपवरचे बारीक आकडे पुसट होऊ शकतात. फोनवर झालेले बोलणेही दोन ओळींत त्याच ईमेलमध्ये टाका : अमुक तारखेला फोन केला, असे उत्तर मिळाले.

उत्तरे साधारण ठरलेली येतात. ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठे आहे?’ हे सर्वांत नेहमीचे. पिशवीतली वस्तू कमी निघाली किंवा फाटकी निघाली तर त्या व्हिडिओला मोल असते, कारण नंतर ती स्थिती बदलू शकते. न धुतलेल्या कुर्त्याची छाती नंतर बदलत नाही, ती आजही मोजता येते. एवढेच शांतपणे लिहा आणि दुकानाने कुर्ता परत नेऊन स्वतः मोजावा, अशी तयारी दाखवा. ‘दोन इंच इकडेतिकडे होतातच’ असे उत्तर आले, तर एम आणि एल यांच्यात त्याच्याच तक्त्यात दोन इंचांचेच अंतर आहे याकडे लक्ष वेधा. तेवढी सूट धरली तर दोन मापांना दोन नावे उरत नाहीत. ‘बिलावर लिहिले आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या उत्तराला मात्र दुसऱ्या पत्रात कायद्याची ओळ लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दोषाच्या व्याख्येत विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याप्रमाणे माल नसणे हेही येते, आणि संकेतस्थळावरचा मापाचा तक्ता हा असा दावाच आहे. सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास, बिलात दिलेल्या मुदतीत किंवा मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वर सांगितलेल्या नियमांतही, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

तरीही न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. १,४५० रुपयांच्या वादात हाच मार्ग व्यवहार्य आहे, आणि तिथेही हेच पत्र व हीच पाच छायाचित्रे लागतात. त्यापुढे परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येते, त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण एका कुर्त्यासाठी तारखांना जाण्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुकान बदलीला तयार झाले तरी त्याचे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय कुर्ता स्वतःहून पाठवू नका, कारण पार्सल पोहोचले आणि नोंद झाली नाही तर कुर्ताही जातो आणि पुरावाही. पाठवायचाच झाला तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा, पावतीचा फोटो त्याच ईमेलच्या उत्तरात जोडा, आणि पार्सलच्या आत पत्राची छापील प्रत ठेवा. परत आलेल्या मालाच्या ढिगात पिशवीवरची चिठ्ठी फाटलेली असते, तेव्हा कोणाचा कुर्ता कशासाठी आला हे आतल्या कागदावरूनच कळते. बदली कुर्ता आल्यावर टॅग काढण्याआधी फरशीवर पसरून आडवी टेप लावा. २२ भरले तर त्याच ईमेलमध्ये ‘बदली मिळाली, माप बरोबर आहे’ एवढी ओळ लिहून तक्रार बंद करा. २१ भरले तर चौथे आणि पाचवे छायाचित्र पुन्हा घ्या आणि या वेळी बदली न मागता थेट पैसे परत मागा.